१३ मार्च २०२०ची एक कॅन्डल

चार्ट वाचायला शिकव म्हणून कुणी मागे लागलं, की मी अख्खा चार्ट दाखवत नाही. बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजवरचा BTCUSDT चा, म्हणजे बिटकॉइनच्या भावाचा, रोजचा चार्ट उघडतो, मागे सरकत सरकत मार्च २०२०पर्यंत जातो आणि एकच कॅन्डल, म्हणजे एका दिवसाच्या भावांचं चित्र, मोठी करून समोर ठेवतो. शुक्रवार, १३ मार्च. कॅन्डल हिरवी आहे. मधे जाडसर बॉडी, तिच्या डोक्यावर आखूड विक, म्हणजे बारीक रेघ, आणि खाली बॉडीपेक्षाही लांब लोंबणारी दुसरी विक. आजूबाजूच्या कॅन्डल कागदाने झाकल्या तरी चालतात. झाकाव्यातच, कारण नवशिक्याची नजर लगेच पुढे काय झालं ते शोधायला धावते.

माझ्या भाचीला हीच कॅन्डल दाखवली तेव्हा ती पटकन म्हणाली, "मामा, ही तर हॅमर ना?" हॅमर, डोजी, शूटिंग स्टार ही कॅन्डलच्या आकारांची नावं आता सगळ्यांना आधीच पाठ असतात. चार व्हिडिओ पाहिले की नावं येतात आणि नावामागून भाकीतही येतं: हॅमर दिसली, आता भाव वर जाणार. मी तिला म्हटलं, नाव राहू दे, आधी मोजू. त्या दिवशी आम्ही वही घेऊन जे केलं, तेच इथे लिहितो आहे. एका कॅन्डलमध्ये किती माहिती असते आणि कुठली माहिती मुळीच नसते, हे मोजल्याशिवाय उमगत नाही असं माझं ठाम मत आहे.

कॅन्डलवर बोट ठेवलं की वरच्या कोपऱ्यात O, H, L, C अशी चार अक्षरं आणि त्यांच्यापुढे चार आकडे दिसतात. ओपन, हाय, लो, क्लोज. या कॅन्डलचे आकडे असे: ओपन ४,८००.०१, हाय ५,९५५, लो ३,७८२.१३, क्लोज ५,५७८.६०. भाव यूएसडीटी या डॉलरला बांधलेल्या नाण्यात आहेत, आपण डॉलरच म्हणू. त्या दिवसात लाखो सौदे झाले असतील, पण कॅन्डलने त्यातले चारच भाव ठेवले आणि बाकीचे टाकून दिले. दिवसाचा पहिला सौदा, शेवटचा सौदा, सर्वांत महाग सौदा आणि सर्वांत स्वस्त सौदा. एवढंच.

बॉडी म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या सौद्यामधलं अंतर. ४,८०० ते ५,५७८.६०, म्हणजे साधारण ७७९ डॉलर. क्लोज ओपनच्या वर आहे म्हणून रंग हिरवा. खालची विक बॉडीच्या तळापासून लोपर्यंत: ४,८०० वजा ३,७८२, म्हणजे १,०१८ डॉलर. वरची विक बॉडीच्या माथ्यापासून हायपर्यंत: ५,९५५ वजा ५,५७८.६०, म्हणजे ३७६ डॉलर. हिरव्या कॅन्डलमध्ये तळ म्हणजे ओपन, लाल कॅन्डलमध्ये तळ म्हणजे क्लोज. इथे सुरुवातीला हमखास गल्लत होते, म्हणून मी रंग न पाहता आकडे पाहायला सांगतो. शिवाय चार्टच्या सेटिंगमध्ये रंग कुणीही बदलू शकतं, आणि काही प्रकारच्या चार्टवर तर रंग कालच्या क्लोजशी तुलना करून ठरतो.

आता तिन्ही तुकड्यांची बेरीज करू: जवळपास २,१७३ डॉलर. हा त्या दिवसाचा सगळा पल्ला. त्यात खालच्या विकेचा वाटा ४७ टक्के, बॉडीचा ३६ आणि वरच्या विकेचा १७. भाचीला हे तीन आकडे लिहायला लावले आणि मग विचारलं, हॅमर म्हणजे काय? तिने पाठ केलेली व्याख्या बरोबर होती: बॉडी लहान आणि वरच्या टोकाला, खालची विक बॉडीच्या निदान दुप्पट, वरची विक जवळपास नाहीच. इथे खालची विक बॉडीच्या सव्वा-दीड पट आहे आणि वर चांगली ३७६ डॉलरची विक आहे. पुस्तकी हॅमर ही नव्हेच. पण तिला तशी वाटली, कारण डोळ्याला लांब विक आधी दिसते आणि नाव तिथल्या तिथे चिकटतं. नाव चिकटलं की मोजायचं कुणाला सुचतं?

बॉडी काय सांगते ते नीट कळण्यासाठी मी शेजारची फक्त एक कॅन्डल उघडी केली, आदल्या दिवसाची. गुरुवार, १२ मार्च २०२०. ओपन ७,९३४.५८, हाय ७,९६६.१७, लो ४,४१०, क्लोज ४,८००. वरची विक फक्त ३२ डॉलरची, खालची ३९० डॉलरची आणि बॉडी ३,१३५ डॉलरची लालभडक. एकूण पल्ल्याच्या ८८ टक्के नुसती बॉडी. जागतिक आरोग्य संघटनेने आदल्याच दिवशी कोरोनाला महासाथ म्हटलं होतं, अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक त्या गुरुवारी साडेनऊ टक्के पडला आणि बिटकॉइन एका दिवसात जवळपास ४० टक्के. आपल्याकडे तर सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं बँकिंगबंदीचं परिपत्रक ४ मार्चला रद्द केलं होतं. म्हणजे क्रिप्टोसाठी बँकेचे दरवाजे पुन्हा उघडून जेमतेम आठवडा झाला होता, तोवर ही कॅन्डल उभी राहिली.

या लाल कॅन्डलमध्ये बॉडी जवळजवळ सगळीकडे आहे आणि विका नावाला आहेत. याचा अर्थ असा, की दिवस जिथे सुरू झाला त्याच्या फारसा वर भाव गेलाच नाही, आणि दिवस संपताना तो जवळपास तळाशीच होता. ज्याने सकाळी विकत घेतलं आणि ज्याने दुपारी विकत घेतलं, ते दोघेही रात्री तोट्यात. बॉडीचा मला कळलेला अर्थ हा आहे: दोन ठरावीक क्षणांच्या मधे भाव निव्वळ किती सरकला आणि ते सरकणं टिकलं का. विकेचा भाग म्हणजे जिथे भाव जाऊन आला, पण घड्याळाने शिट्टी वाजवली तेव्हा तो तिथे नव्हता.

घड्याळाचा मुद्दा क्रिप्टोत फार मोठा आहे आणि शेअर बाजारातून आलेल्या माणसाच्या तो लवकर लक्षात येत नाही. एनएसईवर सव्वानऊला बाजार उघडतो, साडेतीनला बंद होतो. ओपन आणि क्लोज हे तिथे खरेखुरे उघडणं आणि बंद होणं आहे, मधे रात्र असते. बिटकॉइनचा बाजार कधी बंदच होत नाही. मग रोजच्या कॅन्डलचा क्लोज कधी? जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला. चार तासांच्या कॅन्डल आपल्याकडे साडेपाच, साडेनऊ, दीड, साडेपाच, साडेनऊ आणि दीड या ठोक्यांना संपतात. या वेळा कुणा बाजाराने दिलेल्या नाहीत, हिशेबाच्या सोयीसाठी मारलेल्या रेघा आहेत. म्हणूनच १३ तारखेचा ओपन ४,८००.०१ आणि १२ तारखेचा क्लोज ४,८००.००, एका सेंटचा फरक. मधे काहीच घडलेलं नाही, फक्त रेघ ओढली गेली.

आणि ती रेघ त्या दिवशी अगदी पडझडीच्या मधोमध आली. १२ तारखेला बिटकॉइन दोन टप्प्यांत पडला. पहिली पडझड आपल्या दुपारी, दुसरी जागतिक वेळेच्या मध्यरात्रीच्या तोंडावर, म्हणजे आपल्याकडे १३च्या पहाटे. ही दुसरी घसरण चालू असतानाच साडेपाच वाजले. तोवर झालेलं सगळं १२च्या लाल कॅन्डलमध्ये गेलं, साडेपाचनंतरचं १३च्या हिरव्या कॅन्डलची खालची विक झालं. घटना एकच, चित्रं दोन. १२ची कॅन्डल पाहणारा म्हणेल, विकणाऱ्यांनी पूर्ण ताबा घेतला. १३ची पाहणारा म्हणेल, खालून दणकट खरेदी आली.

वहीत आम्ही दोन्ही एकत्र केल्या. दोन दिवसांची मिळून एक कॅन्डल करायची तर पहिल्या दिवसाचा ओपन घ्यायचा, दुसऱ्याचा क्लोज, दोघांतला मोठा हाय आणि दोघांतला लहान लो. ओपन ७,९३४, हाय ७,९६६, लो ३,७८२, क्लोज ५,५७८. निघाली २,३५६ डॉलरची लाल बॉडी आणि १,७९६ डॉलरची खालची विक. म्हणजे ती हिरवी, भाचीला हॅमर वाटलेली कॅन्डल कुठेतरी विरघळून गेली. हा हिशेब प्रत्येक नवशिक्याने एकदा स्वतःच्या हाताने करावा असं मला मनापासून वाटतं. चार्टचा टाइमफ्रेम बदलला की आकार का बदलतात, हे नुसतं सांगून पटत नाही. वहीत दोन कॅन्डल मिसळल्या की दोन मिनिटांत पटतं.

आता विकेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त कल्पनाविलास तिच्यावरच चालतो. "खालची लांब विक म्हणजे खरेदीदारांनी भाव उचलून धरला" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. कधी खरं असतं, कधी नसतं. विक तयार कशी होते ते पाहिलं की फरक कळतो.

एक्स्चेंजवर कुठल्याही क्षणी घेणाऱ्यांची एक रांग असते: अमुक भावाला मी इतकं घेतो, त्याच्या खालच्या भावाला आणखी कुणी इतकं घेतो, अशी. हीच ऑर्डर बुकची खरेदीची बाजू. कुणी मार्केट ऑर्डरने विकलं, म्हणजे "मिळेल त्या भावाला विका" म्हटलं, की ती ऑर्डर वरच्या भावापासून एकेक खरेदीदार संपवत खाली उतरते. रांगेत मागणी भरपूर असेल तर चार डॉलर खाली जाऊन थांबते. रांग विरळ असेल तर शंभर, पाचशे, हजार डॉलर खाली जाते. विक म्हणजे या उतरण्याची खूण.

याचं सर्वांत उघडंनागडं उदाहरण २१ जून २०१७चं आहे. कॉइनबेसचं जीडॅक्स नावाचं एक्स्चेंज होतं. तिथे कुणीतरी काही दशलक्ष डॉलरचं इथर हे नाणं एकाच मार्केट ऑर्डरने विकायला काढलं. भाव होता ३१७.८१ डॉलर. ती एकटी ऑर्डर खरेदीदार संपवत २२४.४८पर्यंत गेली. तिथे पोचताच आधीपासून लावून ठेवलेले लोकांचे स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक भाव आला की आपोआप विकणाऱ्या ऑर्डरी, सुटले, उधारीवर घेतलेल्यांचे सौदे आपोआप कापले गेले, सुमारे आठशे ऑर्डरी. या सगळ्या पुन्हा विक्रीच्याच ऑर्डरी, आणि खाली घेणारं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. काही सौदे १० सेंटला झाले. तीनशे डॉलरचं नाणं दहा सेंटला! थोड्याच वेळात भाव पुन्हा तीनशेच्या आसपास. त्या चार्टवर जी विक उमटली तिचं टोक शून्याला टेकलेलं दिसतं. कॉइनबेसने पुढे फटका बसलेल्या ग्राहकांची भरपाई स्वतःच्या पैशातून केली.

या विकेत कुणी कुणाला "उचलून धरलं"? दहा सेंटला घेणारा माणूस बाजाराची ताकद नव्हता. त्याने कधीतरी गंमत म्हणून किंवा नशीब आजमावायला ऑर्डर लावून ठेवली असेल. भाव परत वर आला तो विकणारं कुणी उरलं नाही म्हणून, आणि बाकीच्या सगळ्या एक्स्चेंजवर इथर तीनशेच्या आसपास होतं म्हणून. विकेच्या टोकाबद्दल लक्षात ठेवण्याची गोष्ट हीच, की ते टोक उमटायला एक सौदा पुरतो. लो हा आकडा "या भावाला किती माल गेला" हे सांगत नाही. तिथे एक इथर विकलं गेलं असेल किंवा दहा हजार, विक तेवढीच लांब.

१३ मार्चची विक यापेक्षा वेगळी होती, आणि ती वेगळी होती हे कशावरून म्हणायचं? खालच्या व्हॉल्यूमच्या, म्हणजे उलाढालीच्या, पट्टीवरून पहिला धागा मिळतो. बायनान्सवर त्या दिवशी सुमारे ४ लाख २ हजार बिटकॉइनचे सौदे झाले. आदल्या पडझडीच्या दिवशी २ लाख ६१ हजार. म्हणजे घसरण झाली त्या दिवसापेक्षाही भाव सावरला त्या दिवशी उलाढाल दीडपट. एवढा माल एखाद्या चुकलेल्या ऑर्डरमुळे हलत नाही. पण व्हॉल्यूमचीही मर्यादा आहे: ती पट्टी अख्ख्या दिवसाची असते. त्यातला किती माल विकेत गेला आणि किती बॉडीत, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी कॅन्डलच्या आत शिरावं लागतं.

आत शिरणं म्हणजे टाइमफ्रेम लहान करणं. रोजचा चार्ट एक तासावर आणा, मग पंधरा मिनिटांवर. ही सवय मी सगळ्यात आधी लावायला सांगतो, कारण चार आकड्यांत एक गोष्ट मुळीच नसते: क्रम. हाय आधी आला की लो आधी, कॅन्डल सांगत नाही. ओपन १००, हाय ११०, लो ९०, क्लोज १०५ असेल तर भाव आधी ९०ला जाऊन मग ११०पर्यंत चढला आणि १०५ला थांबला असेल. किंवा आधी ११०ला गेला, तिथून ९०पर्यंत कोसळला आणि शेवटी १०५वर आला असेल. चित्र हुबेहूब तेच. पहिल्यात शेवटची हालचाल घसरणीची आहे, दुसऱ्यात चढाची. बाहेरून पाहणारा यातलं कुठलं झालं ते ओळखूच शकत नाही, कितीही अनुभवी असो.

१३ मार्चच्या पोटात शिरलं की क्रम स्पष्ट होतो. लो आला तो दिवसाच्या सुरुवातीलाच, आपल्या घड्याळात सकाळी पावणेआठच्या सुमाराला. ती १,०१८ डॉलरची लांबलचक विक दिवसभराच्या झुंजीची खूण नाही, पहिल्या दोन-सव्वादोन तासांचीच आहे. त्या वेळी बिटमेक्स या एक्स्चेंजवर उधारीवर घेतलेले सौदे धडाधड कापले जात होते. दहापट उधारी घेतलेल्या माणसाचा भाव दहा टक्के उलटा गेला की त्याचं भांडवल संपतं. एक्स्चेंज त्याचा सौदा जबरदस्तीने विकून टाकतं, त्या विक्रीने भाव आणखी पडतो, मग पुढच्याचा नंबर. त्याच सुमाराला बिटमेक्स जवळपास २५ मिनिटं बंद पडलं. आपल्यावर सेवा ठप्प करणारा हल्ला झाला होता असं त्यांनी नंतर जाहीर केलं. ती जबरदस्तीची विक्री थांबली आणि भाव उसळला. या दोन गोष्टी अनेकांनी जोडल्या, मलाही त्यांचा संबंध आहे असंच वाटतं. हे सगळं मनात ठेवून त्या विकेकडे पाहिलं की "खरेदीदारांनी उचलून धरलं" हे वाक्य अर्धवट वाटू लागतं. जबरदस्तीने विकणारे थांबले, हाही तिचा तितकाच मोठा भाग आहे. खरी खरेदी मला दिसते ती नंतरच्या तासांत: भाव पाच हजारांच्या वर गेला आणि दिवस संपेपर्यंत तिथून फार हटला नाही. म्हणजे विकेपेक्षा बॉडीत.

त्याच सकाळी आपल्याकडे निफ्टी दहा टक्के पडून खालच्या सर्किटला लागला आणि व्यवहार पाऊण तास थांबले, हे कित्येकांना आठवत असेल. पुन्हा सुरू झाल्यावर बाजार सावरला. क्रिप्टोत असं सर्किट नाही. शेअर बाजारात जिथे व्यवहार थांबतात तिथे क्रिप्टोत विक लांबत जाते, आणि म्हणून शेअरच्या चार्टवर तयार झालेल्या नजरेला क्रिप्टोच्या विका पहिल्यांदा अशक्य वाटतात.

विक खरी की खोटी हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे तोच क्षण दुसऱ्या एक्स्चेंजवर पाहणं. १३ मार्चला बायनान्सचा लो ३,७८२ होता. इतर मोठ्या एक्स्चेंजवर आकडा थोडा वर-खाली होता, पण चार हजारांच्या आसपासची खोल विक सगळीकडे दिसते. याउलट २१ ऑक्टोबर २०२१ला अमेरिकेतल्या बायनान्स डॉट यूएसवर बिटकॉइन एका मिनिटात ६५ हजारांवरून सुमारे ८,२०० डॉलरवर गेला आणि लगेच परत आला. बाकी जगात त्या वेळी काहीच घडलं नव्हतं. एका संस्थात्मक ग्राहकाच्या ट्रेडिंग प्रोग्राममध्ये चूक होती, असं एक्स्चेंजने सांगितलं. ती विक त्या एका दुकानाच्या ऑर्डर बुकबद्दल माहिती देते, बिटकॉइनबद्दल काहीही नाही. रुपयांत भाव दाखवणाऱ्या आपल्याकडच्या एक्स्चेंजवर, त्यातही छोट्या नाण्यांच्या चार्टवर, रांगा विरळच असतात. तिथे विका लांब दिसतात. म्हणून रुपयातली कॅन्डल वाचताना मी शेजारी त्याच नाण्याचा डॉलरमधला मोठा चार्ट उघडा ठेवतो. विक दोन्हीकडे असेल तर तिचा विचार करायचा, एकीकडेच असेल तर सोडून द्यायची.

फ्युचर्स करणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा. चार्टवर सहसा शेवटच्या सौद्याचा भाव असतो, Last Price. पण सौदा कापायचा की नाही हे बहुतेक एक्स्चेंज Mark Price वर ठरवतात, आणि तो अनेक ठिकाणच्या भावांवरून काढलेला असतो. त्यामुळे एकाच बाजारात उमटलेली विचित्र विक शेवटच्या भावाच्या चार्टवर दिसते आणि मार्क प्राइसच्या चार्टवर दिसतही नाही. स्टॉप लॉस लावताना तो कोणत्या भावावर सुटावा असं विचारणारा एक छोटासा पर्याय असतो, तो कुणी वाचत नाही. विकेत स्टॉप उडाला आणि लगेच भाव परत आला अशी तक्रार आली की मी आधी तोच पर्याय पाहायला सांगतो.

भाचीचा पुढचा प्रश्न रास्त होता: मग लांब खालच्या विकेचा पुढे उपयोग होतो की नाही? तिला मी दुसरी कॅन्डल दिली, तीही एकटीच. १९ मे २०२१, बायनान्स, तोच BTCUSDT. ओपन ४२,८४९.७८, हाय ४३,५८४.९०, लो बरोब्बर ३०,०००, क्लोज ३६,६९०.०९. या वेळी हिशेब तिने एकटीने केला. बॉडी ६,१६० डॉलर आणि लाल, खालची विक ६,६९० डॉलर, वरची विक ७३५. टक्केवारी काढली तर खालची विक ४९, बॉडी ४५, वरची विक ५ टक्क्यांच्या थोडी वर. खालच्या विकेचा वाटा १३ मार्चसारखाच, जवळजवळ निम्मा. कारणही त्याच जातीचं, उधारीवरचे सौदे कापले जाण्याचं.

मग झाकलेले कागद काढले. १३ मार्च २०२०नंतर ३,७८२ हा भाव पुन्हा कधी आलाच नाही. तीनच दिवसांनी बिटकॉइन साडेचार हजारांच्या खाली जाऊन आला, पण विकेच्या टोकापर्यंत पोचला नाही. १९ मे २०२१चा ३०,०००चा तळ मात्र महिनाभरच टिकला. २२ जूनला भाव २८,८०५पर्यंत गेला. खालच्या विकांचा वाटा सारखा, उगमही सारखा, पुढची गोष्ट वेगळी.

तिला थोडं निराश झाल्यासारखं वाटलं, आणि मला ते समजलं. तिला विकेकडून पुढचा भाव हवा होता. पण विकेत पुढचा भाव नसतो. तिथे एक जागा असते: या भावाखाली त्या दिवशी कुणाला विकता आलं नाही. जूनमध्ये भाव पुन्हा तीस हजारांकडे आला तेव्हा ज्यांनी मे महिन्यातली विक पाहून ठेवली होती त्यांना कुठे लक्ष ठेवायचं ते ठाऊक होतं. तिथे भाव थांबतो की आरपार जातो, हे त्या वेळच्या कॅन्डलच सांगणार होत्या. २२ जूनला दिवसाच्या मधे तीस हजारांखालचे सौदे झाले, पण दिवस बंद झाला तो त्याच्या वरच. मी त्या तारखेची कॅन्डल उघडली आणि मोजणं पुन्हा तिच्याकडे सोपवलं.

दोन गोष्टी तिला नंतर फोनवर सांगाव्या लागल्या, कारण तिच्या मोबाइलवर तीच कॅन्डल वेगळी दिसत होती. तिने चार्टचा प्रकार हायकिन आशी ठेवला होता. त्यात प्रत्येक कॅन्डलचा क्लोज हा त्या काळातल्या चारही भावांची सरासरी असतो आणि ओपन मागच्या कॅन्डलवरून काढलेला असतो. दिसायला गुळगुळीत, पण त्या बॉडीची दोन्ही टोकं म्हणजे प्रत्यक्षात झालेले सौदे नव्हेत. एकच कॅन्डल वाचायची असेल तर साधा कॅन्डल चार्टच हवा.

दुसरी गोष्ट चालू कॅन्डलची. तिने दुपारी चार वाजता चित्र पाठवून विचारलं, "मामा, आज खाली केवढी विक आहे बघ." पहाटे साडेपाचला मिटणाऱ्या कॅन्डलचं ते दुपारी चारचं चित्र होतं. अजून साडेतेरा तास बाकी होते. चालू कॅन्डलमध्ये हाय फक्त वर जाऊ शकतो, लो फक्त खाली, आणि क्लोज तर दर सेकंदाला हलत असतो. दुपारी विक दिसणारा भाग रात्री भाव खाली आला की लाल बॉडीत जाऊन बसतो, आणि सकाळी विकेचा मागमूसही नसतो. मी तिला सांगितलं, ओपन आत्ता लिहून ठेव, बाकीचे तीन आकडे उद्या सकाळी भर.